मुद्द्यांचा ढीग आधी निवडा, आराखडा मग

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गावात सर्पदंशावर ३० मिनिटं बोलायचं आहे. समोर शेतकरी, शेतमजूर, बचत गटातल्या बायका असतील. सुचेल तसं वहीत लिहीत गेले, ५८ नोंदी झाल्या (यादी सोबत जोडली आहे). तीनदा आराखडा करायला बसले, पण दर वेळी अर्ध्यावर आलं की मुद्दे इकडचे तिकडे जातात आणि सगळं विस्कटतं. या ढिगातून भाषणाचे भाग कसे पाडायचे?

उत्तर:

आराखडा विस्कटतो, कारण तो लिहिताना दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात. कोणता मुद्दा कोणाच्या सोबतीचा, हे एक काम. काय आधी आणि काय नंतर, हे दुसरं. वहीत ‘१’ असा आकडा घालून काही लिहिलं की दुसरं काम झालंच, पहिलं मात्र झालेलंच नसतं. मग पाचव्या मुद्द्याशी आल्यावर लक्षात येतं की याचा जोडीदार पहिल्यात अडकलाय, आणि खाडाखोड सुरू होते. म्हणून क्रमाचा विचार काही तासांसाठी पूर्ण बाजूला ठेवा. धान्य निवडताना आज भाकरी करायची की उद्या, हे कोणी ठरवत बसत नाही. तसंच हे.

वही मिटा आणि चिठ्ठ्या करा. ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की हाताला बरी लागणारी चिठ्ठी होते. नऊ कागदांच्या ७२ होतात आणि तुमच्या यादीला तेवढ्या लागतात. एका बाजूने छापलेला कागद वापरू नका. मागची अक्षरं उमटून दिसतात आणि डोळा सारखा तिकडे जातो. जाड पेनाने लिहा, उभ्याने वाचता आलं पाहिजे. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात वहीतल्या नोंदीचा क्रमांक बारीक अक्षरात टाका, म्हणजे एखादी चिठ्ठी हरवली तर कोणती गेली ते कळेल. जमिनीवर सतरंजी किंवा साधी चादर अंथरा. फरशीवर चिठ्ठ्या घसरतात, आणि पंखा तर बंदच हवा. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या चालतील, पण सगळ्या एकाच रंगाच्या घ्या. पाच रंग समोर आले की मन नकळत रंगागणिक गट पाडायला लागतं.

चिठ्ठीवर काय लिहायचं, यावर पुढचं निम्मं काम अवलंबून आहे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि तीही क्रियापद असलेल्या वाक्यात. तुमच्या यादीतली २३वी नोंद आहे: ‘मण्यार – रात्री – पोटदुखी – मच्छरदाणी’. लिहिताना ही एक नोंद होती, पण तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो, ही एक. त्याच्या दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, पण काही वेळाने पोटात दुखू लागतं आणि पापण्या जड होतात, ही दुसरी. खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपावं, ही तिसरी. पहिली आणि तिसरी एकत्र राहतील. दुसरी मात्र फार लांब जाईल, कारण ती झोपण्याआधी नाही, दवाखान्याच्या वाटेवर उपयोगी पडते. नोंद न फोडता तशीच चिठ्ठीवर उतरवली असती तर ती चिठ्ठी कुठेच नीट बसली नसती. तीन आराखडे फसले त्यामागे अशा जोडनोंदी बऱ्याच आहेत.

‘घोणस’ एवढा एकच शब्द लिहिलेली चिठ्ठीही कामाची नाही. घोणशीचं काय? ती पालापाचोळ्यात दिसत नाही हे, की तिच्या विषाने रक्त गोठत नाही हे? नाम असलेली चिठ्ठी कुठेही बसते, म्हणून ती चुकीच्या जागी बसली तरी कळत नाही. वाक्य लगेच आपली जागा सांगतं.

तुमची यादी अशी फोडली तर ५८ नोंदींच्या ७१ चिठ्ठ्या होतात. त्यांतल्या पाच दुसऱ्या शब्दांत पुन्हा आलेल्या आहेत. पुन्हा आलेली चिठ्ठी फेकू नका, मूळ चिठ्ठीला टाचणीने लावा. ‘दंशाच्या वर घट्ट बांधू नका’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय. तीनदा आलं म्हणजे ते तुमच्या मनात वर आहे, आणि वेळ वाटताना त्याची आठवण ठेवायची आहे. उरल्या ६६.

आता चूक होण्याची सगळ्यात मोठी जागा येते. हात आपोआप शीर्षकं मांडायला धावतो: सापांची ओळख, लक्षणं, प्रथमोपचार, गैरसमज, इतर. तुमच्या चिठ्ठ्या या पाचांत टाकल्या तर अनुक्रमे १९, ११, १३, १२ आणि ११ अशा पडतात. दहा मिनिटांत काम संपतं, चादर नीटनेटकी दिसते आणि हाती काहीही लागत नाही. ही शीर्षकं तुमच्या चिठ्ठ्यांतून आलेली नाहीत, पाठ्यपुस्तकातून आली आहेत. साप काढून तिथे कावीळ ठेवली तरी ती तशीच चालतील. ओळख, लक्षणं, उपचार, गैरसमज ही विषयाची मांडणी आहे. ती परीक्षेला बसणाऱ्याच्या सोयीची असते. रात्री गोठ्यात पाय ठेवणाऱ्या बाईच्या सोयीची ती नाही.

म्हणून उलट बाजूने जायचं, खालून वर. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी ही रीत १९६०च्या दशकात नीट घडवली. नेपाळमधल्या डोंगरी गावांत अभ्यास करताना साठलेल्या सुट्या नोंदींचा अर्थ लावायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जपानीत आडनाव आधी येतं, त्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. तिचा कणा एवढाच की आधी कप्पे करून त्यांत चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. चिठ्ठ्या एकमेकींजवळ आणायच्या आणि कप्पा शेवटी ओळखायचा. कावाकितांचा या बाबतीतला आग्रह फार कडक होता, आणि तो योग्यच आहे. पहिल्या पाच मिनिटांत शीर्षक लिहिलं की पुढचा तास त्या शीर्षकाची राखण करण्यात जातो.

प्रत्यक्षात असं करा. ६६ चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसा, म्हणजे वहीतला क्रम मोडेल. सगळ्या चादरीवर पसरा, एकही दुसरीखाली झाकलेली नको. सगळ्या एकदा सावकाश वाचा, हात न लावता. मग कोणत्याही दोन चिठ्ठ्या अशा शोधा की ज्या एका दमात बोलाव्याशा वाटतील. कसोटी हीच ठेवा: एका दमात. ‘दोन्ही घोणशीबद्दल आहेत’ हे कारण पुरेसं नाही. ‘हे बोलले की लगेच तेही बोलावं लागेल’ हे कारण पुरेसं आहे. जोडी जमली की जवळ ठेवा आणि दुसरी जोडी शोधा. जोडीला तिसरी, चौथी चिठ्ठी येऊन मिळेल. पाच-सहाच्या पुढे गठ्ठा वाढायला लागला तर थांबा, त्यात दोन गठ्ठे दडलेले असतात.

या कसोटीवर ‘गैरसमज’ नावाचा गठ्ठा टिकतच नाही. तुमच्या यादीत ‘साप दूध पितो हे खोटं आहे’ अशी नोंद आहे आणि ‘चिरा मारून रक्त काढणं चूक आहे’ अशीही आहे. दोन्ही गैरसमजच. पण त्या एका दमात बोललात तर ऐकणाऱ्याच्या मनात दोन्हींचं वजन सारखं होतं, आणि तसं होता कामा नये. सापाला दूध पाजण्याने चावलेल्या माणसाचं काही बिघडत नाही, चिरा मारल्याने बिघडतं. दुसरी चिठ्ठी ओढली जाते ती ‘तोंडाने विष ओढू नका’ आणि ‘घट्ट बांधू नका’ यांच्याकडे, कारण ही तिन्ही कामं त्याच दहा मिनिटांत, त्याच घाबरलेल्या हातांनी केली जातात. ‘मांत्रिकाकडे नेलेला बरा झाला’ ही तिसरीच. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. तो माणूस कुठेही नेला असता तरी बरा झाला असता. ही चिठ्ठी जाऊन मिळते ‘दुखत नसलं तरी दवाखान्यात जा’ या चिठ्ठीला. बारा गैरसमज असे चार ठिकाणी पांगतात आणि प्रत्येक ठिकाणी ते जास्त कामाचे ठरतात.

‘सापांची ओळख’ या १९ चिठ्ठ्यांचं काय होतं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. तुमच्या यादीतला सर्वांत मोठा साठा तोच आहे, आणि तो मोडायला सर्वांत जड जाणार आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे चार सुबक गठ्ठे तयारच दिसतात. इथे एक प्रश्न विचारा: दंश झालेल्या माणसाच्या घरच्यांना साप कोणता हे कळल्यावाचून काही अडतं का? आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर एकच आहे. डॉक्टर रोग्याची लक्षणं बघून आणि रक्त गोठतंय का ते तपासून ठरवतात. साप मारून, पिशवीत घालून नेण्याची गरज नसते. उलट त्या नादात वेळ जातो आणि दुसऱ्या माणसाला दंश होण्याची भीती असते. म्हणजे तुमच्या श्रोत्यांना सापागणिक माहिती नको आहे. त्यांना वेळेगणिक हवी आहे: चावण्याआधी काय, चावल्यावर लगेच काय, वाटेत काय.

हे कळलं की १९ चिठ्ठ्या सुटून हलायला लागतात. ‘मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावतो’ ही मच्छरदाणीच्या गठ्ठ्यात जाते. ‘घोणस पालापाचोळ्यात दिसत नाही’ ही ‘शेतात जाताना उंच बूट घाला, काठी आपटत चला’ यांच्याजवळ जाते. ‘मण्याराच्या दंशाने पापण्या मिटू लागतात’ आणि ‘घोणशीच्या दंशाने हिरड्यांतून रक्त येऊ शकतं’ या दोन वेगवेगळ्या सापांच्या चिठ्ठ्या एकत्र येतात, कारण वाटेत रोग्याकडे बघणाऱ्याने दोन्हींवर नजर ठेवायची आहे. कोणाच्या फण्यावर काय खूण, कोणाच्या अंगावर कसले पट्टे, अशा सात चिठ्ठ्या मागे उरतात. त्या खोट्या नाहीत, पण या भाषणात त्यांना काम नाही. एखाद्या सचित्र तक्त्यावर त्या छान बसतील.

गठ्ठे लावताना एक अडचण हटकून येते: एकच चिठ्ठी दोन ठिकाणी ओढते. ‘अंगठी, बांगड्या, जोडवी काढा’ ही चावल्यावर लगेच करायच्या गोष्टींत हवी, आणि ‘हात-पाय सुजतो’ या लक्षणाजवळही हवी. अशा वेळी तिची नक्कल करून दोन्हीकडे ठेवू नका. तसं केलं तर बोलताना तेच दोनदा येईल. कृती जिथे ऐकणाऱ्याला पहिल्यांदा लागते तिथे चिठ्ठी ठेवा आणि तिचं कारण तिच्या मागे न्या. म्हणजे सुजेची चिठ्ठीच उठून अंगठीपाशी येते. दंशाच्या भाषणात हा नियम जवळजवळ सगळीकडे लागू पडतो: कारण कृतीच्या मागे जातं. कारणांचा वेगळा गठ्ठा झाला की तो वर्गातल्या धड्यासारखा ऐकू येतो.

तासाभरात तुमच्या ६६ पैकी ५७ चिठ्ठ्यांचे १४ छोटे गठ्ठे होतील आणि नऊ एकट्या उरतील. एकट्या चिठ्ठ्यांना बळेच कुठे बसवू नका, ‘इतर’ हा गठ्ठा तर मुळीच करू नका. ‘इतर’मध्ये गेलेली चिठ्ठी पुन्हा कोणी वाचत नाही. त्या चादरीच्या कडेला उघड्या ठेवा. तुमच्या नऊ जणींत ‘नागपंचमी’ आहे, ‘सर्पमित्राचा नंबर’ आहे, ‘शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर अपघात योजनेतून अनुदान मिळतं’ ही आहे, आणि ‘प्रतिविष कुठे मिळतं?’ हीसुद्धा आहे. पहिल्या तीन बाहेरच राहिल्या तरी भाषण अडत नाही. चौथीकडे परत येऊ.

त्याआधी गठ्ठ्यांना नावं द्या. नाव म्हणजे पुन्हा एक पूर्ण वाक्य. गठ्ठ्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ‘थोडक्यात काय?’ याचं तुम्ही जे उत्तर द्याल तेच. वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहून वर ठेवा. ‘झोपण्याची काळजी’ हे नाव झालं नाही, तो फळ्यावरचा मथळा झाला. ‘जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी खोचून घ्या’ हे नाव. वाक्य जमत नसेल तर गठ्ठा चुकलाय. वाक्यात मध्येच ‘आणि’ घालून दोन वेगळे विषय जोडावे लागत असतील तर गठ्ठा दोन जागी फोडा. ‘रोग्याला धीर द्या आणि सरपण घरापासून लांब रचा’ असं वाक्य कोणी मुद्दाम लिहिणार नाही, पण ‘घ्यायची काळजी’ या मथळ्याखाली या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वाक्य लिहायला घेतलं की लगेच येतं.

नावं बरोबर आहेत का, हे स्वतःला कळत नाही. शाळेतल्या दुसऱ्या बाईंना किंवा घरच्या कुणाला बसवा. १४ नावं त्यांच्यासमोर मांडा, गठ्ठ्यांतल्या कोणत्याही दहा चिठ्ठ्या काढून हातात द्या आणि नुसत्या नावावरून त्या बसवायला सांगा. तुम्ही काही बोलू नका, डोळ्यांनीही सुचवू नका. आठ-नऊ जागेवर गेल्या तर पुढे चला. एखादी भलतीकडे गेली तर चूक त्यांची समजू नका. एक तर नाव धूसर आहे, नाहीतर त्या चिठ्ठीत अजून दोन गोष्टी शिल्लक आहेत. ‘१०८ला फोन करा, रोग्याला चालवू नका’ ही तुमची चिठ्ठी इथे नक्की अडखळेल. ती कापून दोन करावी लागेल.

मग १४ नावांकडे बघून तेच काम एक पायरी वर करा. आता चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत, फक्त नावं वाचायची आणि जवळची नावं जवळ आणायची. तुमच्या यादीत तीन भाग स्पष्ट पडतात, प्रत्येकात चार-चार गठ्ठे. पहिला: दंश न बघता टाकलेल्या हाता-पायाला होतो आणि तो टाळता येतो. यात झोपणं, रात्री बॅटरी, सरपण आणि गोवऱ्या हाताळणं, घराजवळचे उंदीर. दुसरा: चावल्यावर बांधायचं नाही, कापायचं नाही, पळायचं नाही. हात-पाय मोडल्यावर फळी लावतो तसा स्थिर ठेवायचा, रोग्याला धीर द्यायचा, गाडी बोलवायची. तिसरा: दुखत नसलं तरी जायचं ते रुग्णालयातच, कारण औषध तिथेच आहे. उरलेले दोन गठ्ठे म्हणजे अंगावरच्या खुणा आणि सापांचा निसर्गातला उपयोग. ते कोणत्याच भागाला चिकटत नाहीत, त्यांना बाहेरच राहू द्या. ३० मिनिटांत तीन भाग पेलतात. चौथा भाग डोकं वर काढत असेल तर तो सहसा वक्त्याच्या आवडीचा असतो.

आता चादरीकडे उभं राहून वरून बघा. वहीत जे कधी दिसलं नसतं ते इथे दिसतं: गठ्ठ्यांची जाडी. पहिला भाग चांगला भरलेला आहे, दुसराही. तिसऱ्या भागात ‘रुग्णालयात लवकर जा’ असं वेगवेगळ्या शब्दांत सहा चिठ्ठ्या सांगतात, पण कोणत्या रुग्णालयात, हे एकही सांगत नाही. त्याच्या जवळपास जाणारी एकच चिठ्ठी कडेला एकटी पडलेली आहे: ‘प्रतिविष कुठे मिळतं?’ आणि तिच्यावर प्रश्नचिन्ह आहे. तुमच्या भाषणातलं सर्वांत मोठं भगदाड हे आहे. यादी कितीही वेळा वाचली असती तरी ते दिसलं नसतं, कारण यादीत एक ओळ ही एक ओळच असते. चादरीवर मात्र भरलेल्या गठ्ठ्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसते.

अशा जागी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा आणि त्यांवर प्रश्न लिहा. तुमच्या तिसऱ्या भागात दोन लागतील. एक: आपल्या गावापासून प्रतिविष हमखास असणारं जवळचं ठिकाण कोणतं, प्राथमिक आरोग्य केंद्र की ग्रामीण रुग्णालय, आणि रात्री तिथे कोण असतं? दोन: १०८ची गाडी यायला उशीर होणार असेल तर गावात कोणाची गाडी निघेल? याची उत्तरं पुस्तकात नाहीत. आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात जाऊन या, सरपंचांशी बोला. उत्तर मिळेपर्यंत आराखडा करू नका, कारण या दोन चिठ्ठ्या भरल्यावर तिसऱ्या भागाचं नावच बदलू शकतं. ‘रुग्णालयात जा’ ऐवजी तिथे एका विशिष्ट रुग्णालयाचं नाव येईल, आणि तेच ऐकायला लोक आलेले असतील.

शेवटी कमी करणं. ३० मिनिटांतली पाच प्रश्नांना ठेवा, तीन सुरुवातीला आणि निरोपाला. उरली २२. गावातल्या सभेत, मध्ये लहान मूल रडत असताना, एक चिठ्ठी उदाहरणासकट नीट सांगायला साधारण एक मिनिट लागतं. म्हणजे चिठ्ठ्यांना २२ जागा आहेत. दोन जागा त्या नव्या चिठ्ठ्यांना लागल्या, राहिल्या २०. ६६ पैकी २० म्हणजे तीनातली एकसुद्धा नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि प्रत्येक चिठ्ठी अर्ध्या मिनिटात उरकायचं ठरतं. तसं करू नका. अर्ध्या मिनिटात ‘घट्ट बांधू नका’ एवढं सांगता येतं, पण का नको ते सांगता येत नाही, आणि कारण न कळलेला माणूस ऐन वेळी दोरी शोधणारच. घट्ट बांधल्याने खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. कुणी आधीच बांधलं असेल तर ते घरी सोडायचं नाही, डॉक्टरांसमोर सोडायचं, कारण अडलेलं विष एकदम अंगभर पसरू शकतं. एवढं बोलायला ते मिनिट पूर्ण लागतं.

प्रत्येक चिठ्ठीला विचारा: ही ऐकून माणूस घरी जाऊन काही वेगळं करेल का? करणार असेल तर ती ‘बोलायचं’मध्ये. करणार नाही, पण कुणी विचारण्याची शक्यता आहे, ती ‘विचारलं तर’मध्ये. उरलेल्या पाकिटात. तुमच्या यादीला हा प्रश्न लावला तर साधारण २०, २८ आणि १८ अशी वाटणी होते. ‘साप दूध पितो का’ दुसऱ्या ढिगात जाते, कोणीतरी विचारणारच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज तुम्ही टिपून ठेवलाय. तोही तिथेच. आकडा खरा आणि मोठा आहे, पण गावातल्या माणसाला त्याच्या गल्लीत कोण गेलं हे माहीत असतं, त्याला आकड्याची गरज पडत नाही. हीच माहिती तालुक्याच्या बैठकीत अधिकाऱ्यांसमोर मांडायची असती तर हा आकडा पहिल्या चिठ्ठीवर आला असता आणि मच्छरदाणी ‘विचारलं तर’मध्ये गेली असती. म्हणूनच एका भाषणासाठी पाडलेले भाग दुसऱ्या सभेत जसेच्या तसे चालत नाहीत. चिठ्ठ्या त्याच राहतात, पिसून पुन्हा मांडाव्या लागतात.

हे सगळं एका बैठकीत उरकू नका. चिठ्ठ्या लिहायला पाऊण तास, छोटे गठ्ठे लावायला तास, मग चादरीचा मोबाइलवर फोटो काढा आणि उठा. तासाभरानंतर डोळे थकतात आणि उरलेल्या चिठ्ठ्या कुठेतरी ढकलल्या जातात. घाईत बसवलेल्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी लगेच ओळखू येतात. सकाळी गठ्ठे पुन्हा वाचताना चार-पाच चिठ्ठ्या जागा बदलतील. एकही बदलली नाही तर दोन शक्यता आहेत: मांडणी खरंच बसली आहे, किंवा तुम्ही नुसती नावं वाचताय, चिठ्ठ्या वाचत नाही. खात्रीसाठी कुठलाही एक गठ्ठा उलटा ठेवून आठवणीने त्यातलं सांगून बघा.

आराखड्याला हात घालण्याआधी एक तपासणी राहते. बोलायच्या गठ्ठ्यांची नावं, म्हणजे ती वाक्यं, मोठ्याने सलग वाचा. मिनिटभरात संपतात. एका वाक्यावरून दुसऱ्यावर जाताना तोंडात ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही चावलाच तर’ असे शब्द आपोआप आले तर क्रम स्वतःच लागतोय, आता आकडे घालायला हरकत नाही. जिथे ‘तसंच’ किंवा ‘याशिवाय’ म्हणूनच पुढे जाता येतं, तिथे थांबा. त्या दोन गठ्ठ्यांच्या मध्ये एकतर चिठ्ठी राहून गेली आहे, किंवा त्यांतला एक भलत्या भागात बसलाय. तुमच्या मांडणीत ही जागा पहिल्या भागात, उंदीर आणि सरपण यांच्यामध्ये येईल. सरपणाच्या आणि गोवऱ्यांच्या ढिगात उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतो, हे सांगणारी चिठ्ठी यादीत नाही. ती लिहून तिथे ठेवा आणि पुन्हा एकदा वाचा.